भोपळा मध्येच कसा थांबवायचा?

पाच आडव्या ओळी, पाच उभ्या रांगा, अशा पंचवीस चौकोनांची एक बाग आहे. बागेत एक भोपळा आहे. त्याला ढकललं की तो घरंगळत सुटतो आणि कुंपणाला टेकल्याशिवाय थांबत नाही. आपल्याला मात्र तो बागेच्या अगदी मधल्या चौकोनात थांबवायचा आहे. वाटेत दगड नाही, झाड नाही. आहे ती फक्त एक म्हातारी आणि तिच्या कमरेला बांधलेला पाण्याचा पाइप. पाइपचं दुसरं टोक नळाला आहे, आणि म्हातारी चालेल तसा तो तिच्या मागे उलगडत जातो.

हे वाचताना तुमचं डोकं थोडं जरी चालायला लागलं असेल, तर या खेळाच्या पिच डॉक्युमेंटचं निम्मं काम झालं. पिच डॉक्युमेंट म्हणजे खेळ तयार होण्याआधी तो कागदावर मांडणारं टिपण. मोठ्या कंपन्यांत त्याची जाडजूड बाडं होतात. पण तिघाचौघांची टीम दोन दिवसांत कोड्यांचा खेळ करायला बसते, तेव्हा ते एका पानात मावलं पाहिजे, आणि ते लिहायला फार तर पहिले तीनचार तास मिळतात.

दोन दिवसांत खेळ करण्याच्या या प्रकाराला गेम जॅम म्हणतात. आयोजक एक विषय जाहीर करतात, घड्याळ सुरू होतं, आणि मुदत संपायच्या आत चालणारा खेळ द्यायचा असतो. ‘लुडम डेअर’ ही जॅम २००२ पासून चालू आहे, ‘ग्लोबल गेम जॅम’ २००९ पासून. मार्क ब्राउन यांची ‘जीएमटीके गेम जॅम’ इंटरनेटवर होते, त्यामुळे घरी बसून भाग घेता येतो. तिचा २०२१ चा विषय होता ‘जॉइन्ड टुगेदर’, म्हणजे एकमेकांना जोडलेले. मुदत ४८ तास. ही जॅम खरी आहे. आपली टीम मात्र मी कल्पनेतली घेतो: एक प्रोग्रामर, एक चित्रकार, आणि कोडी रचून आवाजाचंही बघणारा तिसरा. म्हातारी आणि भोपळा म्हटल्यावर त्यांनी खेळाचं नाव ‘टुणूक’ ठेवलं, यात मराठी वाचकाला नवल वाटू नये.

अशी टीम पहिल्या तासाला जे लिहिते, ते बहुतेक असं असतं:

‘टुणूक हा एक भावस्पर्शी कोड्यांचा खेळ आहे. दुष्काळी गावातली एक म्हातारी आपली बाग जगवण्यासाठी धडपडते. खेळाडू तीन ऋतूंमधून प्रवास करेल. एकूण तीस लेव्हल. सुंदर हाताने काढलेली चित्रं आणि मन शांत करणारं संगीत.’

वाचायला छान आहे. पण हे वाचून प्रोग्रामरने पहिली ओळ कसली लिहायची? खेळाडू कुठलं बटण दाबतो, दाबल्यावर काय होतं, आणि त्यात कोडं कुठे आहे, यातलं काहीच इथे नाही. याच मजकुरावर धावण्याचा खेळ करता येईल, शेतीचाही करता येईल. टिपण तपासायची सोपी रीत म्हणजे त्यातली नावं आणि विशेषणं झाकून उरलेलं वाचायचं. इथे उरतात फक्त ‘तीस लेव्हल’, आणि नेमकं तेच वचन दोन दिवसांत पाळता येणार नाही.

कोड्याच्या खेळात पानाच्या माथ्यावर नियम लागतो, कथा नव्हे. आणि नियमाच्या पाठोपाठ लागतो त्याचा परिणाम, म्हणजे नियमात सांगितलेला नसलेला, पण त्यातून आपोआप निघणारा एक शोध. हा शोध खेळाडूने स्वतः लावायचा असतो. तो लागतो त्या क्षणासाठीच लोक असे खेळ खेळतात.

‘बाबा इज यू’ हे याचं गाजलेलं उदाहरण. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांनी तो २०१७ च्या ‘नॉर्डिक गेम जॅम’मध्ये केला, तिथे तो पहिला आला, आणि वाढवलेला पूर्ण खेळ मार्च २०१९ मध्ये बाजारात आला. त्यात खेळाचे नियमच पडद्यावर शब्दांच्या ठोकळ्यांनी लिहिलेले असतात, आणि ठोकळे ढकलता येतात. नियम एवढाच. परिणाम असा की ‘भिंत अडवते’ हे वाक्य मोडलं की भिंतीतून आरपार जाता येतं. ठोकळे ढकलण्याची कल्पना जुनीच, १९८२ च्या जपानी ‘सोकोबान’मधली. तेइकारींनी फक्त ढकलायची वस्तू बदलली. हा खेळ दोन वाक्यांत सांगता येतो आणि ऐकणाऱ्याला तिसरं वाक्य स्वतःच सुचतं. चांगल्या पिचकडून मला एवढंच हवं असतं.

आता ‘टुणूक’चं दुसरं टिपण पाहू. त्याची सुरुवात अशी:

‘म्हातारी एका वेळी एक चौकोन चालते. मागे पाइप उरतो. पाइप ओलांडता येत नाही. आल्या वाटेने मागे फिरलं की पाइप गुंडाळला जातो. भोपळा ढकलला की काहीतरी आडवं येईपर्यंत घरंगळतो. भोपळा खुणेच्या चौकोनात थांबला की लेव्हल संपली.

खेळाडूला लागणारा शोध: पाइप ही अडचण वाटते, पण बागेतली एकुलती एक भिंतही तीच आहे.’

विषयाशी नातं वेगळं सांगावं लागत नाही. म्हातारी नळाला जोडलेली आहे, आणि त्या जोडणीतच कोडं आहे. दुष्काळ गेला, तीन ऋतू गेले. चित्रकाराला त्याचं वाईट वाटेल, पण म्हातारीच्या नऊवारीला आणि भोपळ्याच्या पिवळ्या रंगाला या पानाने हात लावलेला नाही.

या मजकुराखाली एक कोडं काढून दाखवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्टोन लिब्रांडे या डिझायनरने २०१० च्या ‘गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स’मध्ये एकपानी आराखड्यांवर एक व्याख्यान दिलं होतं. त्यांचा भर एका मोठ्या चित्रावर आणि त्याभोवतीच्या छोट्या टिपांवर होता, कारण लांबलचक दस्तऐवज टीममधलं कुणी वाचत नाही. कोड्याच्या खेळात ते चित्र साध्या अक्षरांनीही काढता येतं. शिवाय तेच पुढे लेव्हलची फाइल म्हणून चालतं:

```
...T.
.....
.PX..
.....
.....
```

T म्हणजे नळ आणि म्हातारीची सुरुवातीची जागा, P म्हणजे भोपळा, X म्हणजे खूण. टिंब म्हणजे मोकळा चौकोन.

भोपळा उजवीकडे ढकलायचा, तर म्हातारीने त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभं राहायला हवं. जवळची वाट वरच्या कुंपणाच्या कडेने आहे: तीन चौकोन डावीकडे, दोन खाली, आणि सहाव्या पावलाला ढकलायचं. भोपळा खुणेवरून घरंगळत थेट उजव्या कुंपणाला जाऊन बसतो. आता तो कायमचा गेला, कारण त्याला परत आत ढकलायला कुंपणाच्या पलीकडे उभं राहावं लागेल. कडेकडेने तो फिरेल, मध्ये येणार नाही.

दुसरी वाट लांबची आहे. नळापासून सरळ तीन चौकोन खाली यायचं, मग चौथ्या ओळीतून तीन चौकोन डावीकडे, एक वर, आणि आठव्या पावलाला ढकलायचं. या वाटेने येताना पाइप खुणेच्या उजव्या शेजारच्या चौकोनातून गेला आहे. भोपळा एकच घर सरकतो, पाइपला टेकतो आणि खुणेवर थांबतो.

कोडं बरोबर आहे की नाही, हेही कागदावरच ताडता येतं. मोकळ्या बागेत भोपळा फक्त कडेला थांबू शकतो, आणि कडेचा भोपळा आत येत नाही. म्हणजे मधल्या चौकोनात तो पाइपच्या मदतीशिवाय थांबूच शकत नाही. शोध न लावता हे कोडं सुटत नाही, याची खात्री पटली. अशी खात्री देणारं एक कोडं पानावर असेल तर पिच उभं राहिलं. नसेल तर नियम बदलायचा, आणि तो बदलायला हीच स्वस्त वेळ आहे. तिसाव्या तासाला नियम बदलला तर कोड आणि लेव्हल दोन्ही फेकून द्यावे लागतात.

एका कोड्यावर भागत नाही, आणखी दोन तरी निघायला हवीत. इथे ती निघतात. भोपळा थांबल्यावर पाइप गुंडाळून घेतला की भिंत नाहीशी होते, भोपळा मात्र तिथेच राहतो. मग दुसरा भोपळा पहिल्याला टेकून थांबवता येतो. हे झालं दुसरं. तिसऱ्यात पाइपची लांबी मोजकी द्यायची. वरच्याच कोड्यात पाइप सात चौकोनांचा दिला, तर म्हातारी भोपळ्याच्या शेजारी पोचते पण ढकलायला एक पाऊल कमी पडतं. लांबीचा आकडा बदलून तीच बाग वेगळी होते, आणि लेव्हल रचणाऱ्याला नवं चित्र मागावं लागत नाही. तीन कोड्यांच्या पुढे हात अडला तर मात्र सावध व्हावं. काही नियम एकदाच चकित करतात आणि मग त्यांच्याकडे सांगायला काही उरत नाही.

यानंतर पान टीमबाहेरच्या कुणाला तरी द्यायचं. मोठी बहीण असो, रूममेट असो, फक्त या चर्चेला बसलेलं नसावं. चौकटीची वही, भोपळ्याच्या जागी नाणं, पाइपच्या जागी दोरा. त्यांना पानावरचे नियम वाचून खेळायला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. हे गप्प बसणं भलतंच जड जातं. ते जिथे थांबून विचारतील, तिथे नियमाला भोक आहे. ‘टुणूक’मध्ये हमखास येणारे प्रश्न सांगता येतात. भोपळ्याच्या पुढच्याच घरात पाइप असेल तर म्हातारी ढकलते की जागीच थांबते? पाइप संपल्यावर ती अडकते की पाइप सुटतो? भोपळा नळावर जाऊ शकतो का? उत्तरं कुठलीही चालतील, पण पानावर एकच हवं. नाहीतर प्रोग्रामर एक उत्तर धरून कोड लिहितो, कोडी रचणारा दुसरं धरून लेव्हल काढतो, आणि रात्री दोन वाजता कळतं की सहावी लेव्हल सुटतच नाही.

या चाचणीत एक जास्त खोल अडचणही वर येते. भोपळा कुंपणाला गेला की खेळणारा आल्या वाटेने मागे चालत जातो आणि भोपळाही परत येईल अशी वाट बघतो. त्याचं चुकत नाही. पाइप गुंडाळला जाताना काळ मागे जातोय असंच वाटतं. पण आपल्या नियमात पाइप मागे येतो, भोपळा येत नाही, आणि खेळाची सगळी गंमत त्या फरकावर उभी आहे. म्हणून चाल परत घेण्यासाठी वेगळी कळ लागते. या प्रकारच्या खेळांत ती बहुधा Z असते, आणि लेव्हल नव्याने सुरू करायला R. पानावर लिहायचं: ‘मागे चालणं म्हणजे नवी चाल, Z म्हणजे शेवटची चाल रद्द.’ दोन्ही वेळा म्हातारी मागेच सरकते, म्हणून पडद्यावर ती वेगळी दिसायला हवीत. मागे चालताना पाइप गुंडाळल्याचा आवाज, Z दाबल्यावर आवाज नाही, एवढं पुरेल.

Z ची नोंद पहिल्या पानावर असण्याला आणखी एक कारण आहे, तांत्रिक. चाल रद्द करायची तर प्रत्येक पावलाआधी बागेची संपूर्ण स्थिती साठवून ठेवावी लागते: म्हातारी कुठे, पाइप कुठून कुठे, भोपळे कुठे. कोड लिहिताना सुरुवातीपासून हे धरलं तर थोडक्यात होतं. सगळं बांधून झाल्यावर ते घुसवायला गेलं, तर सरकत असलेला भोपळा, अर्धवट गुंडाळलेला पाइप, वाजत असलेला आवाज असं प्रत्येक ठिकाणी काहीतरी मोडतं. आणि ती कळ नसेल तर? जॅममध्ये खेळांना गुण देणारे बहुतेक इतर स्पर्धकच असतात. त्यांच्यापुढे रांगेने खेळ पडलेले असतात. चौदा पावलं चालून एक चूक झाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं, तर ते पुढच्या खेळाकडे वळतात.

आता लेव्हल किती? मी आठ लिहीन, आणि त्याही ठरलेल्या क्रमाने. पहिलीत फक्त चालायचं आणि ढकलायचं. दुसरीत पाइप ओलांडता येत नाही हे कळतं. तिसरी म्हणजे वर काढलेलं कोडं. चौथीत तोच शोध, पण नळ दुसऱ्या कोपऱ्यात. पाचवीपासून दोन भोपळे, सातवीत मोजका पाइप, आठवीत सगळं एकत्र. पानावर चौथ्या लेव्हलखाली एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं: ‘इथवर झालं तर खेळ देता येतो.’ तिसाव्या तासाला ही रेघ गाठली नसेल तर आठवीचा विचारच करायचा नाही. उशीर होतोय हे या रेघेमुळे वेळेत कळतं. एरवी टीमला ते शेवटच्या तीन तासांत कळतं.

अवघडपणाबद्दल इथेच एक इशारा. ज्याने कोडं रचलं त्याला ते कधीच अवघड वाटत नाही, कारण उत्तर त्याच्या डोक्यातूनच निघालेलं असतं. जॅममधल्या कोड्यांच्या खेळांचा हा नेहमीचा आजार: तिसरीच लेव्हल इतकी कठीण की पुढच्या पाच कुणी पाहतच नाही. म्हणून वेळापत्रकात ‘बाहेरच्या माणसाकडून खेळवून घेणं’ हे काम नावानिशी आणि तासासकट लिहायचं, एकदा चोविसाव्या तासाच्या आसपास आणि एकदा चाळिसाव्या.

पानाच्या तळाशी एक चौकट, ‘करणार नाही’ अशी. उड्या नाहीत. शत्रू नाहीत. गोष्ट नाही, शेवटी म्हातारी लेकीच्या घरी पोचल्याचं एक चित्र पुरे. मोबाइलवर नाही, फक्त ब्राउझरमध्ये, कारण इन्स्टॉल करायला लावलं की खेळणारे कमी होतात. ही चौकट भांडणं वाचवते. पहाटे तीन वाजता कुणाला तरी सुचतंच की मध्येच एक वाघ आणला तर काय धमाल येईल. तेव्हा ‘नाही’ पान म्हणतं, मित्राला म्हणावं लागत नाही.

जॅम संपल्यावर खेळ बरा ठरला, तर याच पानाचं दुसरं रूप होतं: प्रकाशकाला पाठवायचं पिच. नियम, शोध आणि कोड्याचं चित्र तसंच राहतं. ‘करणार नाही’ची चौकट जाते आणि तिच्या जागी पैसे येतात. इथे नवखे लोक बिचकतात आणि गोल आकडा लिहून मोकळे होतात, त्यापेक्षा हिशेब उलगडून दाखवावा. समजा तिघं आठ महिने काम करणार, म्हणजे चोवीस माणूस-महिने. महिना ५०,००० रुपये धरले तर १२ लाख. संगीत, भाषांतर आणि चाचणीला २ लाख. अडीअडचणीला एकूण चौदावर दहा टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार. झाले १५ लाख ४० हजार. हे दर मी उदाहरणापुरते घेतले आहेत. प्रत्येक टीमने आपले घालावेत, पण स्वतःचा पगार शून्य लिहू नये. आठ महिने फुकट राबू असं लिहिणारी टीम काम पुरं करेल का, अशी शंका वाचणाऱ्याला येते.

त्या आठ महिन्यांत काय होणार तेही तितक्याच उघडपणे सांगावं. आज आठ लेव्हल आहेत, साठ करायच्या आहेत, त्यातल्या वीस कागदावर तयार आहेत. भोपळा आणि पाइप यांच्या जोडीला तिसरी वस्तू येणार, समजा उताराची जमीन, आणि तिच्यासकट दोन कोडी इथे काढून दाखवली आहेत. आठ लेव्हलच्या खेळाला साठ लेव्हल पुरेल एवढी ओल आहे का, हा प्रकाशकाचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर विशेषणांनी देता येत नाही. खेळाची लिंक मात्र पानाच्या अगदी वर हवी, नावाच्याही आधी. तिच्याखाली एक ओळ: ‘बाणांच्या कळांनी चाला, Z ने चाल परत घ्या, तिसरी लेव्हल जरूर खेळा.’